दुसरं चिलर सकाळी सारखं चालू-बंद होतंय, दुपारी तिसरं मात्र होत नाही. असं का?

नीलेश_प्लांटरूम
नमस्कार मंडळी. हिंजवडीतल्या एका ऑफिस बिल्डिंगच्या प्लांटवर शिफ्ट इंजिनिअर आहे. तीन वॉटर-कूल्ड सेंट्रिफ्युगल मशीनं, प्रत्येकी ३५० टन, व्हीएफडी नाही, स्टार-डेल्टा स्टार्टर. प्रायमरी पंप फिक्स स्पीड, मशीनमागे एक. सेकंडरी पंप व्हीएफडीवर. मशीनमधून निघणाऱ्या चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट ७ अंश.

रात्री सर्व्हर रूम आणि थोडे मजले मिळून साधारण १२० टन लोड असतो, एक मशीन आरामात घेतं. सकाळी नऊनंतर माणसं यायला लागली की लोड चढतो आणि दुसरं मशीन लागतं. दुपारी दोनच्या सुमाराला तिसरंही लागतं.

त्रास सकाळचा आहे. दुसरं मशीन येतं, वीस-बावीस मिनिटं चालतं, बंद होतं, थोड्या वेळाने परत येतं. काल ९ ते १२:३० मध्ये लॉगबुकात दुसऱ्या मशीनचे सहा स्टार्ट आहेत. तिसरं मशीन दुपारी एकदा लागतं आणि पाचपर्यंत शांतपणे चालतं. बीएमएसमधलं सेटिंग दोघांसाठी एकच आहे:

चालू मशीनचं लोड ९० टक्क्यांवर ५ मिनिटं राहिलं तर पुढचं मशीन चालू.
चालू मशीनांचं सरासरी लोड ५० टक्क्यांखाली ५ मिनिटं राहिलं तर एक मशीन बंद.

सेटिंग एकच, मग एकाला त्रास आणि दुसऱ्याला नाही, हे कोडं मला सुटत नाही. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं म्हणून मिनिमम रन टाइम ४५ मिनिटं टाकून पाहिला. स्टार्ट सहाचे चार झाले, पण चक्र तसंच आहे.

ऊर्जामित्र_जयंत
दुसरं मशीन बंद करताच कशाला? चिलर अर्ध्या लोडवर सगळ्यात जास्त कार्यक्षम असतं. आमच्याकडे एका मशीनला ९० टक्क्यांवर रेटण्यापेक्षा दोन मशीनं ४५-४५ वर चालवतो. बिल कमी येतं, स्टार्ट-स्टॉपचा प्रश्नही मिटतो. सकाळी साडेआठला दोन्ही लावून टाका आणि सहाला एक काढा.

दूध_संकलन_सांगली
आमच्या डेअरीतही हाच त्रास आहे. अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर, आइस बँक आहे. सकाळचं दूध आलं की दोन्ही एकदम लागतात आणि तासाभरात दोन्ही बंद. नीलेशदादा, तुम्ही पर्सेंट कुठल्या मीटरवर बघता? आमच्या पॅनेलवर फक्त अ‍ॅम्पिअर दिसतात.

नीलेश_प्लांटरूम
आमचं पर्सेंट म्हणजे मशीनच्या पॅनेलवरचं फुल लोड अ‍ॅम्पच्या टक्क्यात दिसणारा आकडा. बीएमएस तेच वाचतं.

शिंदे_काका_निवृत्त
नीलेश, आधी एक गोष्ट विचारतो. सहा स्टार्ट साडेतीन तासांत, म्हणजे दर ३५ मिनिटांनी एक. तुझ्या मशीनच्या पॅनेलमध्ये स्टार्ट-टू-स्टार्ट टायमर किती आहे? तो ३० मिनिटांवर असेल असं मला वाटतं. तसं असेल तर सहा हा आकडा तुझ्या बीएमएसचा नव्हे. बीएमएस त्याआधीच मशीन मागत होतं, पॅनेलने त्याला थोपवून धरलं. तो टायमर नसता तर स्टार्ट आणखी जास्त झाले असते.

या मोटरला प्रत्येक स्टार्टला बसणारा झटका आणि वाइंडिंगमध्ये साठणारी उष्णता निघून जायला वेळ लागतो, त्यासाठी तो टायमर आहे. कोणी वैतागून तो कमी करायला सांगितला तर करू नकोस. शिवाय मशीन थांबलं की गॅस तेलात मुरतो. वारंवार थांबवून लगेच चालू केलंस तर तेल फेसाळतं आणि ऑइल प्रेशरवर ट्रिप येते. स्टार्टच्या वेळी तेलाच्या काचेत फेस दिसतो का ते बघून सांग.

सांगलीकर, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे बर्फ साठवलेला आहे, त्यामुळे दूध आल्या क्षणी दोन्ही कॉम्प्रेसर लागायची गरजच नसते. तिथे बर्फाच्या जाडीवर कॉम्प्रेसर चालवायचे असतात. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

रेवती_बीएमएस
नीलेश, तुमचं कोडं साध्या गुणाकारात सुटतं. टक्के बाजूला ठेवून टनात मोजा. (अ‍ॅम्पचे टक्के म्हणजे अगदी टनाचे टक्के नव्हेत, पण सध्या तसं धरू.)

एक मशीन ९२ टक्क्यांवर आहे, म्हणजे बिल्डिंगचा लोड ३२२ टन. तुमच्या नियमाने दुसरं लागलं. बिल्डिंगचा लोड तेवढाच आहे, तो आता दोघांत वाटला गेला. प्रत्येकी १६१ टन, म्हणजे ४६ टक्के. हे ५० च्या खाली आहे! मशीन चालू व्हायच्या क्षणीच ते बंद करायची अट पुरी झालेली आहे. सुरुवातीला लाइनमधलं पाणी ७ वर यायला थोडा वेळ जातो तेवढ्यापुरते टक्के वर राहतात. पाणी सेटल झालं की ५ मिनिटं मोजली जातात आणि मशीन बंद. मग पहिलं परत ९२ वर.

आता तिसऱ्याचं बघा. दोन मशीनं ९२ वर, म्हणजे लोड ६४४ टन. तिसरं लागलं की प्रत्येकी २१५, म्हणजे ६१ टक्के. ५० पर्यंत खाली यायला लोड ५२५ टनांवर उतरावा लागतो. मधे जवळजवळ १२० टनांचं अंतर आहे, म्हणून ते शांत राहतं.

तोच ५० टक्क्यांचा आकडा तीनाचं दोन करताना बरोबर बसतो आणि दोनाचं एक करताना चुकतो. दोन मशीनं सरासरी ५० वर म्हणजे ३५० टन, अख्खं एक मशीन भरून. एवढा लोड एकट्या मशीनवर टाकायला तुमचं बीएमएस तयार होतंय आणि दुसऱ्याच मिनिटाला घाबरून मागे फिरतंय.

बंद करायची अट लिहिताना चालू मशीनांचे टक्के बघू नका. एक मशीन काढल्यावर उरलेल्यांना लोड झेपेल का, हे विचारा:

```
TR         = m3/h * (T_return - T_supply) / 3.024
stage_up   : TR > 0.92 * cap(n)     for 10 min
stage_down : TR < 0.80 * cap(n-1)   for 20 min
             AND run_time > 30 min
```

तुमच्या आकड्यांत दुसरं मशीन ३२२ वर येईल आणि २८० खाली गेलं तरच जाईल. तिसरं ६४४ वर येईल, ५६० खाली जाईल. सेकंडरी हेडरवर फ्लो मीटर आहे ना?

नीलेश_प्लांटरूम
रेवतीताई, कागदावर मांडून बघितलं, अगदी तसंच आहे. इतके दिवस स्क्रीनवर ४७-४८ टक्के बघत होतो, हे डोक्यात आलं नाही. फ्लो मीटर आहे, सप्लाय आणि रिटर्न सेन्सरही आहेत.

काका, टायमर बरोबर ३० मिनिटांचाच निघाला. काचेत फेस आहे, स्टार्टनंतर दोन-तीन मिनिटं राहतो.

शिंदे_काका_निवृत्त
मग लवकर दुरुस्त कर. तोवर सकाळी दुसरं मशीन हातानेच लावून ठेव.

मिनिमम रन टाइमबद्दलही लिहितो, कारण तो टाकून प्रश्न सुटला असं बरेच जण समजतात. लॉगबुकात बघ, ४५ मिनिटं टाकल्यावर मशीन किती वेळ चाललं? प्रत्येक वेळी बरोबर ४५ मिनिटांनी बंद झालं असेल, तर ते लोडमुळे बंद झालेलं नाही. बंद करायची अट आधीपासूनच पुरी होती आणि टायमर संपायची वाट बघत होती. चालण्याचा वेळ कधी ५० मिनिटं, कधी तीन तास, असा वेगवेगळा दिसला की समजावं, आता लोड ठरवतोय.

नीलेश_प्लांटरूम
४६, ४५, ४५, ४६. 🙏

ऊर्जामित्र_जयंत
पण माझा मुद्दा कोणी घेतला नाही. दोन्ही अर्ध्या लोडवर चालवली तर हे सगळं गणितच लागत नाही.

शिंदे_काका_निवृत्त
जयंतराव, तुमच्या मशीनांना व्हीएफडी आहे का?

ऊर्जामित्र_जयंत
हो, तिन्हींना.

शिंदे_काका_निवृत्त
तिथेच फरक आहे. नीलेशच्या फिक्स स्पीड मशीनला ३२२ टनांवर टनामागे साधारण ०.६२ किलोवॉट लागत असतील असं धरू, म्हणजे २०० किलोवॉट. तोच लोड दोघांत वाटला तर गाइड व्हेन बंद होत जातात आणि टनामागचा खर्च वाढतो. ०.६८ धरला तर २१९. आणि दुसऱ्या मशीनबरोबर त्याचा प्रायमरी पंप, कंडेन्सर पंप, टॉवरचा पंखा, हेही लागतात. या साइजला ते १५, २२ आणि साडेसात किलोवॉट धरायला हरकत नाही. एकूण २६३ च्या आसपास. दोनशेच्या जागी दोनशे त्रेसष्ट!

तुमच्या व्हीएफडी मशीनांना अर्ध्या लोडवर आणि टॉवरचं पाणी थंड असताना ०.४८ मिळत असेल तर १५५ अधिक पंप-पंख्याचे ४४.५, म्हणजे तेवढेच दोनशे. तुमच्याकडे बरोबरी होते, थंडीत फायदाही होत असेल. पण ते तुमच्या मशीनचं आहे, सगळ्यांना लागू होत नाही.

ऊर्जामित्र_जयंत
पंप-पंख्यांचं मी धरलं नव्हतं. आमचे कंडेन्सर पंपही व्हीएफडीवर आहेत, त्यामुळे आमच्याकडे दोन मशीनं स्वस्तच पडतात असं मला अजून वाटतं. एकदा मीटर लावून मोजतो.

मिलिंद_दुबई
इथे आमच्या टॉवरमध्ये उन्हाळाभर सगळी मशीनं चालूच असतात, त्यामुळे स्टेजिंगचा त्रास फक्त हिवाळ्यात येतो. पण आम्हाला रोटेशनने छळलं होतं. ज्या मशीनचे रनिंग अवर्स कमी ते लीड, एवढाच नियम कंट्रोलरमध्ये लिहिलेला होता. दोन मशीनांचे तास जवळपास सारखे झाले आणि लीड दर तासाला बदलायला लागलं. एक मशीन तासभर चाललं की त्याचे तास जास्त, मग दुसरं लीड, तासाने परत उलट. एका रात्रीत जे स्टार्ट झाले ते बघून मॅनेजर प्लांटवरच येऊन बसले. नंतर आम्ही १०० तासांचा फरक पडल्याशिवाय लीड बदलायचं नाही असं टाकलं. नीलेश, तुमचं रोटेशन कसं आहे?

नीलेश_प्लांटरूम
आमचं दर सोमवारी सकाळी आठला, वेळेवर. मिलिंददादा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, सोमवारची सकाळ आमच्याकडे सगळ्यात वाईट असते. वीकेंडला बिल्डिंग तापलेली असते, त्यात लीड बदलतं. नवीन मशीन चालू, जुनं बंद, आणि अर्ध्या तासात दुसऱ्याची गरज पडते. पण जुनं तर आत्ताच बंद झालेलं, ते लगेच परत लागत नाही. मग तिसरं लागतं.

रेवती_बीएमएस
रोटेशनसाठी वेगळा स्टार्ट खर्च करायची गरजच नाही. रोज सकाळी तुमच्याकडे एक स्टार्ट होतोच आणि संध्याकाळी एक स्टॉप होतोच. त्याच दोन वेळांचा उपयोग करा.

समजा मशीन १ लीड आहे, रात्रभर तेच चाललंय, आणि तुम्हाला २ ला लीड करायचंय. सोमवारी काहीच करू नका. सकाळी लोड चढला की २ दुसरं म्हणून लागेल. संध्याकाळी दोनाचं एक करायची वेळ येईल तेव्हा नेहमी २ बंद होतं, त्या दिवशी १ बंद करा. रात्र २ वर गेली, लीड बदललं, एकही जादा स्टार्ट नाही. बीएमएसमध्ये एवढंच सांगायचं: लावताना कमी तासांचं मशीन आधी, काढताना जास्त तासांचं आधी, आणि मिलिंद म्हणतात तसा तासांत पुरेसा फरक असेल तरच क्रम बदल.

लीड मशीन मागूनही ठरलेल्या वेळात चालू झालं नाही, तर त्याला बाजूला काढून अलार्म द्या आणि पुढचं मागवा. हे लिहिलेलं नसलं तर बीएमएस बंद पडलेल्या मशीनची वाट बघत बसतं.

शिंदे_काका_निवृत्त
रेवतीचं पटलं. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. तिन्ही मशीनांचे तास अगदी समान ठेवायच्या मी विरुद्ध आहे. समान तास म्हणजे तिन्हींचं ओव्हरहॉलिंग एकाच मोसमात येणार. मी एक मशीन मुद्दाम मागे ठेवायचो, म्हणजे दोघांचं काम निघालं तरी एक ताजं असायचं.

रेवती_बीएमएस
काका, मागे ठेवलेलं मशीन फार दिवस बंद राहिलं तर गरजेच्या दिवशीच रुसतं, हेही मी पाहिलंय. आठवड्यातून एकदा तरी लोडवर चालायला हवं.

शिंदे_काका_निवृत्त
लोडवर चालवायचंच. मी तास कमी ठेवा म्हणतो, बंद ठेवा म्हणत नाही. पण किती मागे ठेवायचं याचा माझ्याकडे नियम नाही, तो अंदाजाचा भाग आहे.

नीलेश_प्लांटरूम
आठ दिवसांनी सांगतोय. बीएमएसवाल्यांकडून रेवतीताईंची अटच टाकून घेतली. दुसऱ्या मशीनचे स्टार्ट सकाळी एक, फक्त एक. काचेतला फेसही काल दिसला नाही. रोटेशन संध्याकाळच्या स्टॉपवर नेलं. मनापासून आभार.

दोन गोष्टी राहिल्या. संध्याकाळी लोड २९० टनांवर येऊन अडकतो आणि दोन मशीनं ४१-४२ टक्क्यांवर दोन-अडीच तास चालत राहतात. आणि मशीन ३ लीड असतं त्या दिवशी सातव्या मजल्यावरून गरम होतंय अशी तक्रार येते, तेव्हा टन बघितले तर ३०५ असतात. ३२२ होतच नाहीत, म्हणून दुसरं लागत नाही.

रेवती_बीएमएस
पहिल्यासाठी २० मिनिटांत लोड किती हलतो ते ट्रेंडवर बघा. दहा-बारा टनच वरखाली होत असेल तर ०.८० चं ०.८५ करा. मग २९७ खाली सुटेल आणि चालू-बंदमध्ये तरीही २५ टनांचं अंतर राहील. लोड तीस टनांनी उड्या मारत असेल तर ०.८० च राहू द्या, ते दोन तास सोसा.

शिंदे_काका_निवृत्त
मशीन ३ चं मी सांगतो. ते ३५० टनांचं राहिलेलं नाही. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी आणि आतल्या गॅसचं तापमान यातला फरक बघ, १ आणि २ शी ताडून. स्वच्छ ट्यूबला एखादा अंश असतो. तीन-चार दिसला तर ट्यूबमध्ये क्षार साठलेत. असं मशीन ३०५ वरच पूर्ण अ‍ॅम्प घेतं आणि तिथेच थांबतं. तुझं बीएमएस ३५० धरून बसलंय, त्याला वाटतं अजून जागा आहे.

ट्यूब साफ होईपर्यंत बीएमएसमध्ये त्याची क्षमता ३०० लिही. कायमसाठी चालू करायच्या अटीला एक जोड दे: टन कमी असले तरी अ‍ॅम्प ९५ टक्क्यांवर आहेत आणि मशीनमधून निघणारं पाणी सेटपॉइंटपेक्षा एक अंश वर, १० मिनिटं, तर पुढचं मशीन घ्यावं. नुसत्या अ‍ॅम्पवर मात्र परत जाऊ नकोस. डिसेंबरात टॉवरचं पाणी गार असतं, तेव्हा तेवढेच टन कमी अ‍ॅम्पमध्ये निघतात आणि ९० टक्के कधी येतच नाहीत. मे महिन्यात त्याच्या उलट.

नीलेश_प्लांटरूम
काका, मशीन ३ चा फरक ३.६ आहे. १ चा १.१, २ चा १.४. ट्यूब क्लीनिंगची रिक्वेस्ट टाकली.

एक नवीन बघितलं. मशीन १ एकटं चालू होतं, ७३ टक्के लोड, त्यातून पाणी ७.० नेच निघतंय. पण बिल्डिंगला जाणाऱ्या हेडरवर ७.७. सेन्सर अदलाबदल करून बघितले, बरोबर आहेत. थंड पाणी मधेच गरम कुठे होतंय?

मिलिंद_दुबई
बंद मशीनचा आयसोलेशन व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल. रिटर्नचं गरम पाणी बंद मशीनमधून सरळ सप्लायमध्ये शिरतं. बंद मशीनच्या आउटलेट पाइपला हात लावा, रिटर्नसारखं गार वाटलं तर तेच.

नीलेश_प्लांटरूम
लावला. दोन्ही बंद मशीनांच्या आउटलेटचं पाइप रूमच्या तापमानाला आहे, व्हॉल्व्ह मिटलेले आहेत.

रेवती_बीएमएस
त्या वेळी सेकंडरी फ्लो किती होता?

नीलेश_प्लांटरूम
२३०. रिटर्न ११ अंश.

रेवती_बीएमएस
आणि ३५० टनांच्या मशीनचा एक प्रायमरी पंप साडेपाच अंशांच्या फरकाने १९२ च्या आसपास देतो. बिल्डिंग २३० ओढतेय, मशीनमधून १९२ येतंय. उरलेलं ३८ बायपास लाइनमधून उलटं येतंय, रिटर्नचं ११ अंशांचं पाणी. हिशोब करा: १९२ गुणिले ७ अधिक ३८ गुणिले ११, भागिले २३०. उत्तर ७.६६.

मशीनमध्ये टन शिल्लक आहेत, पाणी कमी पडतंय. इथे पाणी गरम म्हणून दुसरं मशीन लावलंत तर तक्रार थांबेल, पण ते लोडसाठी लागलेलं नसेल. खरा प्रश्न मजल्यांवर आहे. पाणी एएचयूमधून पाच-सहा अंश तापून यायला हवं, तुमच्याकडे साडेतीनच्याही आत तापून परत येतंय.

शिंदे_काका_निवृत्त
मजल्यावर कोणीतरी सप्लाय एअरचा सेटपॉइंट फार खाली नेऊन ठेवला असेल, नाहीतर थ्री-वे व्हॉल्व्ह बायपासला अडकलेत, नाहीतर फिल्टर आणि कॉइल चोंदलेत. सातव्या मजल्यापासून सुरू कर. प्रत्येक एएचयूच्या आत-बाहेरच्या पाण्याचं तापमान लिहून काढ.

नीलेश_प्लांटरूम
सातव्या मजल्यावर चार एएचयू आहेत. आज रात्रीच्या शिफ्टला दोघं जण वर जातोय. पहिल्याची रीडिंग आत्ता आली: आत ७.८, बाहेर ९.१, व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा. बाकी तीन सकाळी टाकतो.